न भरणाऱ्या जखमेकडे बघा

राम राम मंडळी. वेचणीचे दिवस आहेत, वावर सोडून आलात, म्हणून फार वेळ घेत नाही.

आपल्याला कापल्याचं, काट्याचं, भाजल्याचं नवल नाही. साधी जखम आठवडाभरात कडेकडेनं आत भरत येते आणि दोन आठवड्यांत बुजते. तीन आठवडे झाले तरी तेवढीच आहे, किंवा बुजते आणि त्याच जागी पुन्हा उघडते, तर ती साधी जखम नाही. जखम झाली की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. नाहीतर "झाले असतील आठ-दहा दिवस" म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात. शुगर असलेल्यांनी मात्र तीन आठवडेही थांबू नये. पायाला फोड किंवा चीर दिसली की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यायचं.

"दुखत नाही, मग काय दाखवायचं?" असं बहुतेक जण म्हणतात, आणि नेमकं तिथंच चुकतं. दुखलं की माणूस पाय जपतो. शुगरमुळे किंवा कुष्ठरोगामुळे नस बधिर झाली की काटा रुतलेला कळत नाही, चपलेचा खिळा टोचलेला कळत नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतो, रोज त्याच जागी दाब पडतो आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून न दुखणारी जखम आधी दाखवा.

आता बघायचं कसं. संध्याकाळी पाय धुता तेव्हा, पण उजेड असताना. आरसा जमिनीवर ठेवा आणि त्यावर तळवा धरा. टाच, अंगठ्याखालचा उंचवटा, बोटांच्या बेचक्या बघा. ज्यांना वाकता येत नाही किंवा दिसत नाही, त्यांचे पाय घरातल्या पोरानं बघावेत. मग घोट्याच्या आतली बाजू बघा, कारण नसा फुगलेल्यांना जखम तिथं होते. पाठ, मान, कानामागं दुसऱ्यानं बघायचं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला रोज कुशीवर वळवून माकडहाड आणि टाचा बघा.

बायांनो, कंबर विसरू नका. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी आवळली की कातडी काळी पडते, सोलते, घासून जखम होते. अशा जुन्या जखमेत कॅन्सर झाल्याचं वर्ध्याच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये नोंदवलं आहे. असं क्वचितच होतं, पण टाळणं सोपं आहे. नाडीऐवजी रुंद पट्टा लावा, सैल बांधा, जागा बदलत राहा. हे लाजेनं लपवायचं दुखणं नाही.

जुन्या भाजलेल्या व्रणावर नवी जखम उघडली, जखमेची कड जाड आणि टणक झाली, हात लागताच रक्त आलं, तर लगेच दाखवा. डॉक्टर छोटा तुकडा तपासायला घेतील. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा. त्याशिवाय रोग ओळखता येत नाही. खर्रा खाणाऱ्यांनी तोंडातली जखमही याच हिशेबात धरावी.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर डोळे मिटून त्यावर कापसाचं टोक फिरवून घ्या. सुई टोचू नका. स्पर्श कळला नाही तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. किती महिने घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील, मधेच सोडू नका. पहिल्या दिवशी लघवी लाल होते, ते औषधाचंच आहे. लवकर गोळ्या सुरू झाल्या तर बोटं वाकडी होण्याआधी रोग थांबतो. मात्र जी नस आधीच मेली ती सहसा परत येत नाही. म्हणून एवढी घाई करायला सांगतो.

जखमेवर चुना, तंबाखू, राख, शेण काही लावू नका. त्यानं कातडी जळते, घाण आत जाते, आणि आम्हाला जखमेचा खरा रंगही दिसत नाही. मेडिकलमधून विचारून आणलेली खाजेची ट्यूबही नको. काहींत स्टेरॉइड असतं, त्यानं वरवर बरं वाटतं आणि जखम भरायची राहते. स्वच्छ पाणी आणि साबणानं धुवा, टिपून कोरडी करा, उकळून उन्हात वाळवलेल्या सुती कापडानं झाका आणि कापड रोज बदला. ताप आला, पाय लाल होऊन सुजला, वास सुटला किंवा बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी निघा, रात्र असली तरी.

आज शाळेच्या दोन नंबरच्या वर्गात बायांची तपासणी आहे, तिथं डॉक्टर मॅडम आणि आशाताई आहेत. माणसांची चार नंबरमध्ये. शुगरची तपासणी व्हरांड्यात होईल. पट्टी बांधून आलेल्यांनी ती सोडायला लाजू नका, आम्ही नवी बांधून देऊ. चपला बाहेर काढल्या की पाय नळावर धुऊन आत या. चपलाही उलट्या करून तळ बघा, खिळा निघाला असेल तर आम्हाला दाखवा.