उद्याच्या वायव्हाआधी: इनेट की अडॅप्टिव्ह

(सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेची पायरी, रात्री साडेदहा)

निखिल: इनेट म्हणजे जन्मापासून असते ती रोगप्रतिकारशक्ती, अडॅप्टिव्ह म्हणजे नंतर येते ती. एवढं बास ना?

मधुरा: नाही रे, तिथेच पकडतील. आईचं आयजीजी प्लासेंटातून बाळात येतं, म्हणजे जन्मताना असतंच की, मग ते इनेट का?

निखिल: अं... नाही. अँटिबॉडी आहे, म्हणजे अडॅप्टिव्हच. पण बाळाने स्वतः नाही बनवली.

मधुरा: म्हणून पॅसिव्ह. तू ना, रिसेप्टरपासून सुरू कर. मॅक्रोफेजवरचे टोल-लाइक रिसेप्टर जीन्समधून तयारच मिळतात आणि ते जंतूंच्या कॉमन खुणा ओळखतात, एलपीएस वगैरे. बी आणि टी पेशी मात्र जीनचे तुकडे कापून जोडून प्रत्येकीचा वेगळा रिसेप्टर बनवतात, ते व्हीडीजे रिकॉम्बिनेशन, मला हे सगळ्यात भारी वाटतं खरं सांगू का, जंतू यायच्या आधीच त्याला जुळणारी पेशी कुठेतरी फिरत असते.

निखिल: मग एवढे दिवस का लागतात?

मधुरा: कारण जुळणारी लाखांत एखादीच! ती सापडायची, मग तिच्या कॉप्या व्हायच्या, क्लोनल सिलेक्शन. तोपर्यंत न्यूट्रोफिल, कॉम्प्लिमेंट, एनके सेल किल्ला लढवतात.

निखिल: थांब, मग मला कुत्रा चावला होता ना गेल्या वर्षी, तेव्हा जखमेत इम्युनोग्लोब्युलिन पण दिलं आणि लस पण, दोन्ही कशाला ते आत्ता कळलं. लसीच्या अँटिबॉडी यायला आठवडाभर तरी जातो, तोवर तयार अँटिबॉडी.

मधुरा: करेक्ट, आणि नुसतं इम्युनोग्लोब्युलिन का नाही पुरत?

निखिल: काही आठवड्यांत संपतं, आणि मेमरी सेल बनत नाहीत.

मधुरा: हेच उदाहरण दे उद्या, स्वतःचं आहे त्यामुळे अडखळणार नाहीस. आता सांग, इनेट नसेल तर अडॅप्टिव्ह नीट सुरू होईल?

निखिल: नाही ना? डेन्ड्रिटिक सेल अँटिजेन उचलून लिम्फ नोडमध्ये नेते आणि एमएचसीवर टी सेलला दाखवते.

मधुरा: नुसतं दाखवून चालत नाही, सोबत बी७ पण लागतं, को-स्टिम्युलेशन. आणि ते वाढतं कधी, तर तिच्या टोल-लाइक रिसेप्टरला जंतूची खूण लागल्यावर. म्हणजे धोका आहे हे इनेटच सांगतं. २०११ चं नोबेल यावरच, टोल रिसेप्टरसाठी बॉयटलर आणि हॉफमन, डेन्ड्रिटिक सेलसाठी स्टाइनमन.

निखिल: मग दोन वेगळ्या टीम कशाला म्हणायचं, अँटिबॉडी चिकटली की क्लासिकल पाथवेने कॉम्प्लिमेंटही तीच सुरू करते, म्हणजे उलट दिशेनेही मदत आहेच.

मधुरा: हे न विचारता सांग सरांना. चल, आता हायपरसेन्सिटिव्हिटी, टाइप टू पासून.