४.५ लिटरचा डिजिटल एअर फ्रायर, १४०० वॅट, काळा (तीन ते चार माणसांच्या घरासाठी)

किंमत ५,४९० रुपये, सर्व करांसह. वॉरंटी दोन वर्षं. खोक्यात मशीन, ड्रॉवर, आतली जाळीची प्लेट, एक छोटा चिमटा आणि मराठी-हिंदी-इंग्रजी माहितीपुस्तिका.

हा फ्रायर दुकानात विकायला ठेवण्याआधी आम्ही दोन महिने आमच्या घरी वापरला. घरात माणसं चार, त्यातली एक सत्तरीतली आई. खाली दिलेली प्रमाणं आणि वेळा त्या दोन महिन्यांतल्या आहेत. पुस्तिकेत छापलेल्या वेळा आमच्या कोथिंबीर वडीला लागू पडल्या नाहीत, म्हणून इथे आमच्याच लिहिल्या आहेत.

साडेचार लिटर म्हणजे नक्की किती?

एअर फ्रायर घेताना सगळे लिटर विचारतात आणि तिथेच फसगत होते. ड्रॉवर आतून २१ सेंटिमीटर लांब, २१ रुंद आणि १० खोल आहे. गुणाकार केला की जवळपास साडेचार लिटर येतात. पण हे माप काठोकाठ पाणी भरल्यासारखं आहे. पदार्थ जाळीच्या प्लेटवर ठेवायचा असतो, आणि गरम हवा त्याच्या चारी बाजूंनी फिरली तरच तो कुरकुरीत होतो. म्हणून लिटर बाजूला ठेवा आणि २१ × २१ ची ती जागा डोळ्यांसमोर आणा. घरात मोठी चौकोनी ताटली असेल तर कागदावर तेवढा चौकोन आखून त्यात तुमचे वडे मांडून बघा. आम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो.

एका थरात मावतं ते असं : कोथिंबीर वडीचे १६ तुकडे, मध्यम आकाराचे ९ साबुदाणा वडे, मोठे ४ समोसे, चिकनच्या ५ तंगड्या, सुरमईच्या ३ तुकड्या (छोट्या असतील तर ४). पापलेट कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं ठेवलं तर शेपटीसकट मावतं. फ्रोझन फ्राइज, भेंडी, शेंगदाणे, मखाणे अशा हलवता येणाऱ्या गोष्टींना थराचं बंधन नाही. त्यांनी ड्रॉवर निम्म्यापर्यंत भरा आणि मधे दोनदा हलवा. फ्राइज एका वेळी ४०० ते ५०० ग्रॅम छान होतात.

घरात सहा-सात माणसं असतील आणि सगळ्यांना गरम वडे एकाच पंगतीला वाढायचे असतील, तर हे मॉडेल घेऊ नका. दोन-तीन घाणे काढावे लागतील आणि शेवटच्या घाण्यापर्यंत पहिला गार होईल. अशा घराला सहा लिटर किंवा त्याहून मोठा बरा. आमच्याकडे तो सध्या नाही, तरीही हेच सांगू.

१४०० वॅट आणि विजेचं बिल

वरच्या भागात कॉइल आणि तिच्यामागे पंखा, एवढंच हे यंत्र आहे. म्हणजे पंख्याचा छोटा ओव्हन. तापमान ८० ते २०० अंश सेल्सिअस, टायमर ६० मिनिटांपर्यंत. जागा लहान असल्याने तीन मिनिटांत तापतो. मोठा ओटीजी तापायला दहा-पंधरा मिनिटं घेतो, खरी बचत तिथे होते.

१४०० वॅटचं यंत्र अखंड २० मिनिटं चाललं तर अर्ध्या युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते. दहा रुपये युनिट धरलं तरी एका घाण्याला पाच रुपयांच्या आत. प्रत्यक्षात याहूनही कमी लागते, कारण ठरवलेलं तापमान आलं की कॉइल बंद होते आणि उतरलं की पुन्हा सुरू होते.

२३० व्होल्टला हा सहा अँपिअरपेक्षा किंचित जास्त करंट ओढतो. म्हणून प्लग जाड पिनांचा, १६ अँपिअरचा दिला आहे. तो बारीक पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून बाजारात मिळणारा कन्व्हर्टर कृपया लावू नका, एक्स्टेंशन बोर्डही नको. त्याच लाइनवर गीझर किंवा इंडक्शन सुरू असेल तर एमसीबी पडू शकतो. घरगुती लहान इन्व्हर्टरवर हा चालणार नाही.

तालुक्याच्या गावांतून आमच्याकडे येणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरत असेल तर हीच कॉइल साधारण ८५० वॅटच देते. मशीन बिघडलेलं नसतं, पदार्थाला वेळ जास्त लागतो. अशा वेळी पाच-सात मिनिटं वाढवा, नाहीतर दुपारीच करून ठेवा.

आम्ही काय काय केलं

कोथिंबीर वडी : उंडे आधी नेहमीसारखे वाफवून, पूर्ण गार करून कापले. १६ तुकड्यांना मिळून दोन चमचे तेल ब्रशने लावलं. २०० अंशांवर १२ मिनिटं, सातव्या मिनिटाला उलटल्या. कडा कुरकुरीत, आत मऊ. अळूवडीही याच पद्धतीने. या दोन पदार्थांसाठी आमच्या घरी कढई आता निघत नाही.

साबुदाणा वडा : १९० अंशांवर २० मिनिटं, दोन्ही बाजूंना तेल लावून. तळलेल्या वड्याचा खमंगपणा पूर्ण येत नाही हे मान्य. पण वडा तेलात फुटून अंगावर उडण्याची भीती संपली. उपासाच्या दिवशी आता आई एकटी वडे करते, आम्हाला एवढं पुरेसं आहे.

वांग्याचे काप : कृष्णाकाठची वांगी अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्यांत कापून, हळद-तिखट-मीठ लावून, तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून, वर थोडं तेल. १९० अंशांवर १४ मिनिटं. रवा कोरडा दिसला तर तो कच्चाच राहतो, म्हणून तेलाचा हात तिथे आखडता घेऊ नका. सुरणाच्या कापांना चार मिनिटं जास्त.

भरीत : साधारण ३०० ग्रॅमचं वांगं, तेलाचा हात लावून, सुरीने टोचून, २०० अंशांवर २५ मिनिटं. साल सुटतं, गर लोण्यासारखा होतो. विस्तवाचा धुरकट वास मात्र येत नाही. तो हवा असेल तर शेवटी दोन मिनिटं गॅसवर धरा.

सुरमई : मीठ-हळद-आगळ-तिखट लावून अर्धा तास मुरवली, रव्यात घोळवली, तेल लावलं. १९० अंशांवर १३ मिनिटं, मधे एकदा उलटून. घरभर वास पसरला नाही, पण ड्रॉवरला बसला. त्याचा उपाय खाली दिला आहे.

चिकनच्या तंगड्या : दह्यात मुरवून १८० अंशांवर २२ मिनिटं, मग २०० वर ४. हाडाजवळ सुरी घालून लाल रस येत नाही ना, ते बघाच. चरबीचं मांस करताना प्लेटखाली अर्धी वाटी पाणी घाला, म्हणजे गळलेली चरबी जळून धूर होत नाही.

शेंगदाणे : पाव किलो, १६० अंशांवर १० ते १२ मिनिटं, दोनदा हलवून. कूट करण्यासाठी एकसारखे भाजले जातात. बंद झाल्यावर लगेच ताटात ओता, ड्रॉवरमध्ये राहिले तर आतल्या उष्णतेने करपतात.

आणि कालचा समोसा, कचोरी, गार झालेले फ्राइज, १६० अंशांवर चार-पाच मिनिटांत परत कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये तेच नरम पडतात.

काय होत नाही

कांदाभजी, बटाटेवडा, मिरची भजी, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळायचं काहीही. पीठ घट्ट होण्याआधीच प्लेटच्या भोकांतून खाली गळतं. पुरी फुगत नाही. चकली होते, पण ती भाजलेली लागते, तळलेली नाही. दिवाळीचा फराळ यात उरकेल अशा हिशेबाने घेणार असाल तर थांबा. पापड सुटा टाकू नका, पंख्याच्या झोताने उडून वरच्या कॉइलला चिकटतो. त्यावर स्टीलची छोटी जाळी दाबून ठेवली तर उडदाचा पापड २०० अंशांवर दीड-दोन मिनिटांत भाजतो.

साफ करायला किती वेळ?

रोजची सफाई पाच मिनिटांची. धुवायच्या गोष्टी दोनच, ड्रॉवर आणि प्लेट. दोन्हींना नॉनस्टिक थर आहे. वापरानंतर वीस-पंचवीस मिनिटं गार होऊ द्या, तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतलं तर थर लवकर उखडतो. मग कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ स्पंज. वड्या, फ्राइज, शेंगदाणे यांच्यानंतर एवढं पुरतं.

चिकन-मासळीनंतर मसाला प्लेटच्या भोकांत धरतो. ड्रॉवरमध्ये प्लेट बुडेल इतकं गरम पाणी आणि साबण घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग जुन्या मऊ टूथब्रशने भोकं काढा. मासळीचा वास राहिला तर खाण्याचा सोडा ओलसर करून लावा, दहा मिनिटांनी धुवा, ड्रॉवर रात्रभर उघडा ठेवा.

तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर याला चालत नाही. घरी भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा. आमच्याकडे थर खरवडल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेकांचं कारण घासणीच असतं, आणि वॉरंटी त्याला लागू होत नाही. लोखंडी उलथन्याऐवजी लाकडी किंवा सिलिकॉनचं वापरा.

महिन्यातून एकदा वरची कॉइल बघायची. प्लग काढा, पूर्ण गार झाल्याची खात्री करा, ड्रॉवर बाहेर ठेवून मशीन आडवं करा, कॉइलवरचे तेलाचे डाग ओलसर फडक्याने पुसा. हे राहून गेलं की धूर आणि जळका वास सुरू होतो. मशीनचा मुख्य भाग नळाखाली कधीही धरू नका. कागदी लायनर वापरत असाल तर पदार्थ ठेवल्याशिवाय नुसता कागद घालून मशीन तापवू नका, तो उडून कॉइलला लागतो.

पहिल्यांदा वापरताना

दोन्ही भांडी धुऊन, पुसून, रिकामं मशीन २०० अंशांवर दहा मिनिटं चालवा. नवेपणाचा थोडा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते, भिंतीपासून वीतभर अंतर हवं. गॅसच्या शेगडीवर ठेवून चालवू नका.

बाहेरचं माप ३४ × २८ × ३१ सेंटिमीटर, वजन ४.३ किलो, वायर ९० सेंटिमीटर. वायर आखूड आहे, ओट्याजवळ जाड पिनांचा सॉकेट आहे का ते मागवण्याआधी बघून घ्या. उत्पादन भारतातलं.

सांगली-मिरजेत दुसऱ्या दिवशी घरपोच, भाडं नाही. बाकी महाराष्ट्रात चार ते सहा दिवस, १२० रुपये. खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. ड्रॉवरला पोच आला असेल तर सात दिवसांत बदलून देऊ. दुकानात आलात तर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मशीन सुरू असतं, वडी खाऊन बघा आणि मग ठरवा.