१४ जून, जागतिक रक्तदाता दिन: फोंड्यात रक्तदान शिबिर, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सकाळचा पहिला तास राखीव

जागतिक रक्तदाता दिनानिमित्त रविवार, १४ जून रोजी सकाळी ९ ते दुपारी १.३० या वेळेत आमच्या फोंडा येथील रुग्णालयात स्वेच्छा रक्तदान शिबिर आहे. ठिकाण: बाह्यरुग्ण विभागाच्या वरचं सभागृह, पहिला मजला. रविवारी बसेस कमी असतात, म्हणून शिरोडा, उसगाव, सावईवेरे या बाजूंनी येणाऱ्यांसाठी फोंडा कदंब बसस्थानकावरून दर अर्ध्या तासाने रुग्णालयाची गाडी सुटेल. परतीचीही सोय आहे.

रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८चा. त्यांच्या शोधाआधी एकाचं रक्त दुसऱ्याला चढवणं म्हणजे जिवाशी खेळच होता. त्यांच्या जन्मदिनी जगभर रक्तदात्यांचे आभार मानले जातात.

आमच्यासाठी ही तारीख आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावी किंवा लग्नकार्यात, त्यामुळे शिबिरं फारशी होत नाहीत. मग पाऊस सुरू होतो, रस्ते निसरडे होतात, डेंग्यूचे रुग्ण येऊ लागतात. तांबड्या पेशी फ्रीजमध्ये जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतात आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. साठवून ठेवू म्हटलं तरी ठेवता येत नाही. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर ‘ओ निगेटिव्ह तातडीने हवं’ असा संदेश फिरतो, तेव्हा ते रक्त आधीच कपाटात असायला हवं होतं, ही आमची खरी तळमळ आहे.

आता, ज्यांनी अजून कधीच रक्त दिलेलं नाही त्यांच्याशी थोडं सविस्तर बोलतो.

भीती वाटते? वाटू द्या. सुईची भीती वाटणारी धडधाकट माणसं आम्ही रोज पाहतो. गेल्या १ ऑक्टोबरला, राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिनाच्या शिबिरात, एक तरुण मित्रांबरोबर आला, खुर्चीवर वीस मिनिटं बसला आणि रक्त न देताच घरी गेला. आमच्या सिस्टरनी त्याला चहा दिला, कुणी काही बोललं नाही. डिसेंबरात तो एकटाच आला आणि रक्त देऊन गेला. तुम्हालाही अगदी शेवटच्या क्षणी ‘आज नको’ म्हणता येईल, सुई टोचल्यावरसुद्धा. कारण विचारलं जाणार नाही.

नेमकं काय होतं ते सांगतो. आधी वजन, रक्तदाब आणि डॉक्टरांशी बोलणं. मग बोटाच्या टोकाला बारीक टोचून एक थेंब घेतात आणि निळ्या पाण्यासारख्या द्रावणात सोडतात. हे द्रावण मोरचुदाचं. थेंब काही सेकंदांत तळाला गेला, तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे. वरच तरंगत राहिला, तर त्या दिवशी रक्त घेत नाही. बऱ्याच बायकांच्या बाबतीत असं होतं आणि त्या ओशाळतात. त्यात ओशाळण्यासारखं काहीच नाही. उलट हिमोग्लोबिन कमी असल्याचं कळलं, तर आमचे डॉक्टर तिथेच पुढच्या तपासणीबद्दल सांगतील.

नंतर आरामखुर्चीवर टेकून बसायचं. सुई रक्ताच्या पिशवीलाच जोडलेली असते. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं आणि काम झाल्यावर ती सुई नष्ट केली जाते. म्हणजे रक्त देताना एखादा आजार लागण्याचा प्रश्नच येत नाही. टोचताना झिणझिणी येते, ती दोन-तीन सेकंदांची. हातात एक मऊ चेंडू देतात, तो अधूनमधून दाबायचा. पिशवी एका छोट्या यंत्रावर पाळण्यासारखी हळूहळू डोलत असते. तिकडे बघायचं नसेल तर खिडकीकडे बघा. आठ-दहा मिनिटांत सगळं आटोपतं.

घेतात किती? ४५ किलोपेक्षा जास्त वजन असेल तर ३५० मिली, ५५ किलोच्या वर असेल तर ४५० मिलीपर्यंत. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, पेशी पुढच्या काही आठवड्यांत. ‘रक्त दिलं की कायमचा अशक्तपणा येतो’ हे आपल्याकडे अजून ऐकू येतं. ते खरं नाही.

चक्कर मात्र काहींना येते, हे लपवत नाही. पहिल्या वेळी आणि तरुण वयात ती जास्त येते, बहुधा उपाशीपोटी आलेल्यांना किंवा घाईने उठणाऱ्यांना. म्हणून घरून पेज, भाजी-पाव, काहीतरी पोटभर खाऊन या आणि शिबिरात आल्यावर दोन ग्लास पाणी प्या. उपास असेल तर त्या दिवशी रक्त देऊ नका. रक्त देताना पाय एकमेकांवर टाकून मांड्या आवळल्या-सोडल्या तरी फरक पडतो. सिस्टर दाखवतील. नंतर पंधरा मिनिटं बसून नाष्टा घेतल्याशिवाय आम्ही कुणालाही सोडणार नाही. दुचाकीने आला असाल तर थोडं जास्तच थांबा. त्या दिवशी जड ओझं त्या हाताने उचलू नका.

वय १८ ते ६५ हवं. पहिल्यांदाच देणार असाल तर ६० पर्यंत. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली नको. गेल्या वर्षभरात टॅटू काढला असेल, तर यंदा थांबा. डेंग्यूतून बरे होऊन सहा महिने, मलेरियातून बरे होऊन तीन महिने उलटलेले असावेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी रक्त देऊ नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर स्वतःहून ‘मला चालणार नाही’ असं ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. आधी रक्त दिलेल्यांसाठी अंतर पुरुषांना ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं आहे.

एक गोष्ट जरा नाजूक. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. अहवाल गुप्त राहतो. काही आढळलं तर फक्त तुम्हालाच बोलावलं जातं. पण स्वतःची तपासणी करून घ्यायला म्हणून रक्त देऊ नका, कारण लागण अगदी ताजी असेल तर ती तपासणीत निसटू शकते. मनात शंका असेल आणि मित्रांसमोर बोलता येत नसेल, तर डॉक्टरांच्या खोलीत एकटं बोला. दार बंद असेल. ते तुम्हाला ‘आज बीपी जरा वर आहे’ एवढंच सांगून परत पाठवतील, बाहेर कुणाला काही कळणार नाही.

येताना आधारकार्ड किंवा कुठलंही फोटो असलेलं ओळखपत्र आणा आणि अर्ध्या बाहीचा किंवा बाही सहज वर जाईल असा कपडा घाला. ९ ते १० हा तास फक्त पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा गर्दी नसेल आणि प्रत्येक खुर्चीपाशी एक सिस्टर पूर्ण वेळ उभी असेल. सोबत आई, मैत्रीण, भाऊ, कुणालाही आणा, त्यांच्यासाठीही खुर्ची आणि चहा आहे.

नावनोंदणी रुग्णालयाच्या स्वागतकक्षात रोज सुरू आहे, पण थेट आलात तरी चालेल. त्या दिवशी जिन्याजवळच्या नोंदणीच्या टेबलावर तोच ऑक्टोबरमध्ये रक्त न देता गेलेला तरुण बसणार आहे, स्वतःहून मागून घेतलेलं काम आहे त्याचं. ‘माझी पहिलीच वेळ’ एवढं त्याला सांगा, पुढे तो तुमच्याबरोबर खुर्चीपर्यंत येईल.

रक्तकेंद्र विभाग, फोंडा