ठोके

रेश्माने फॉर्मवर सही केली. 'मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही' या ओळीखाली, वळणदार अक्षरात, पूर्ण नावानिशी. आधारची झेरॉक्स जोडून सचिनने कागद काउंटरवर दिले आणि तो तिच्या डावीकडे जाऊन बसला. लग्नाला चार वर्षं झाली, ती त्याच्या उजव्या हातालाच बसायची. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू यायचं. इचलकरंजीत मागावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

"पाणी अजून पिऊ का?" तिने विचारलं.

"किती प्यालीस?"

"बाटली संपली. आता हलता पण येईना."

"मग बास."

समोरच्या भिंतीवर गर्भलिंग निदान होत नसल्याची लाल अक्षरांतली पाटी होती. सचिनची ती वाचून झाली, पुन्हा वाचून झाली. रातपाळी करून तो थेट इथे आला होता. शर्टाच्या शिवणीत कापसाचा भुसा अडकला होता. एरवी रेश्माने तो चिमटीने काढला असता. आज तिचे दोन्ही हात पिशवीच्या बंदावर होते.

मागच्या खेपेला नुसती पिशवी दिसली होती. डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं होतं, की दिवस पुढेमागे असू शकतात, ठोके दिसायला अजून वेळ असेल, पंधरा-वीस दिवसांनी या. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू ठेवा. त्यांच्या बोलण्यात भीती घालण्यासारखं काही नव्हतं. पण गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात जे झालं, तेव्हाही 'पुन्हा बघू' याच शब्दांनी सुरुवात झाली होती. त्या वेळी गल्लीभर पेढे वाटून झाले होते. नंतर प्रत्येक दारात तेच सांगत फिरायचं काम रेश्माच्या वाट्याला आलं. सचिन कारखान्यात जाऊन उभा राहायचा. तिथे कुणाला काही ऐकू जात नाही, त्यामुळे कुणी काही विचारतही नाही.

म्हणून या वेळी कुणालाच नाही. फक्त आईला माहीत होतं, तेही तिने स्वतः ओळखलं म्हणून. सकाळी निघताना तिने रेश्माच्या हातावर साखर ठेवली आणि सचिनला म्हणाली, "तिला एकटीला आत सोडू नकोस."

पण आत नेहमी बाईलाच बोलावतात. रेश्माचं नाव पुकारलं, ती उठली, दार लागलं, आणि सचिन दाराकडे उजवा कान करून बसला. काहीच ऐकू येईना. पंखा, शेजारच्या बाईच्या बांगड्या, बाहेरची रिक्षा. सात-आठ मिनिटं गेली असतील. एवढा वेळ का लागतो? मागाचा आवाज बदलला की बिघाड कुठे आहे ते त्याला लांबून कळायचं. म्हणून तर तो जॉबर झाला होता. एका शेडमध्ये चोवीस माग चालू असताना कुठल्या मागाचा धोटा पेटीत नीट बसत नाही, हे तो न बघता सांगायचा. इथे मात्र ऐकायला काही नव्हतंच.

दार उघडलं. नर्स म्हणाली, "मिस्टर कोण आहेत? मॅडम बोलवतात."

तो उठला तेव्हा पायातली चप्पल काढायची की ठेवायची, एवढंही त्याला सुचेना. आत अंधार होता. रेश्मा पाठीवर झोपलेली, तोंड पडद्याकडे. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ते बघून त्याच्या पोटात गोळा आला.

"या, इकडे या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घाबरू नका, सगळं ठीक आहे. हे बघा."

पडद्यावर करडा धुरळा होता. त्यात एक काळा डाग, आणि डागाच्या कडेला चिकटून एक पांढुरका दाणा. त्या बोट दाखवत म्हणाल्या, "हे बाळ. डोक्यापासून खालपर्यंत 1.6 सेंटीमीटर. म्हणजे आठ आठवडे झालेत. तुमच्या तारखेपेक्षा चार-पाच दिवस मागे आहे, म्हणून त्या दिवशी काही दिसलं नाही. आणि हे मध्ये लुकलुकतंय ना, ते हृदय."

सचिन वाकला. दाण्याच्या मधोमध काहीतरी सारखं हलत होतं. इतकं बारीक, की नजर जरा ढळली तर हरवेल.

"आवाज येतो का याचा?" त्याने विचारलं. नेहमीच्या सवयीने जरा मोठ्यानेच.

"एवढ्या लहान बाळाला आवाजासाठी मशीन जास्त वेळ लावत नाही आम्ही. पण क्षणभर ऐकवते. ऐका."

त्यांनी एक बटण दाबलं. सचिनने मान वळवून उजवा कान पुढे केला.

सुरुवातीला खरखर. मग त्या खरखरीतून आवाज वर आला, ठुक्ठुक् ठुक्ठुक् ठुक्ठुक्, एकामागे एक, कुठेही न अडखळता. मागाला असा ठेका असतो, सगळं जुळून आलेलं असलं की. पण माग मिनिटाला 140 च्या आसपास मारतो. हे त्याहून वेगात होतं. त्याचं बोट आपोआप टेबलाच्या कडेवर ताल धरू लागलं आणि मागे पडलं. त्याने पुन्हा धरला, पुन्हा मागे पडला.

आवाज थांबला.

"मॅडम," तो म्हणाला, "जरा जास्तच जोरात नाही का चाललंय? तापणार तर नाही ना ते?"

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "नाही. या दिवसांत असंच असतं. 162 आहेत. तुमच्या-माझ्या दुपटीच्याही वर. हळू असते तर मला काळजी वाटली असती."

"162," तो म्हणाला.

"हो."

रेश्माने आता त्याच्याकडे तोंड वळवलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं होतं, केस भिजले होते. "अहो, तुम्हाला आलं का ऐकू?"

"आलं."

"नीट?"

"सगळं आलं." त्याला आणखी बोलायचं होतं. घसा बंद झाला. त्याने नर्सने दिलेला कागद घेतला आणि तिच्या पोटावरचं जेल पुसू लागला, फार हळू, जणू ते दुखेल. नर्स म्हणाली, "अहो, द्या, त्या पुसतील." त्याने दिला नाही.

बाहेर रिपोर्ट तयार व्हायला वेळ होता. पुढची सोनोग्राफी बाराव्या आठवड्यात, कार्डावर तारीख लिहून मिळाली. वार बुधवार, त्याची दिवसपाळी. सचिनने तिथेच उभ्याने कारखान्यात फोन लावला. पलीकडे माग धडधडत होते.

"शेठ, पुढच्या महिन्यात एक बुधवार सुट्टी पाहिजे."

"आत्तापासून? कशाला?" शेठ ओरडले.

रेश्माने त्याची बाही ओढली. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, महिना उलटेपर्यंत तरी.

"काय म्हणतोस? ऐकू येईना. मोठ्यांदा बोल!"

सचिनने तिच्याकडे पाहिलं. ती नाही म्हणाली नाही. तिने बाही सोडली.

"बाळ आहे, शेठ!" तो कारखान्यात बोलतात तसा ओरडला. "162 ठोके आहेत! त्याला बघायला जायचंय!"

बाकावरच्या सगळ्या बायका त्याच्याकडे वळल्या. त्यातली एक म्हातारी उठली, रेश्माजवळ आली आणि तिच्या गालांवरून हात फिरवून तिने कडाकडा बोटं मोडली.