विषय: ८ जुलै २०२५ रोजीचा हळद ऑगस्ट वायद्यातील स्टॉपलॉस सौदा ट्रिगर भावापासून ३१२ रुपये दूर झाल्याबाबत

दिनांक: १० जुलै २०२५
प्रति: शाखा व्यवस्थापक, नांदेड शाखा
प्रत: अनुपालन अधिकारी, मुख्य कार्यालय

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या एच-२१७ या खात्यात मंगळवार, ८ जुलै रोजी एनसीडीईएक्सवरील हळद ऑगस्ट वायद्यात सहा लॉटच्या खरेदीचा एक सौदा झाला आहे. त्या सौद्याचा भाव आणि मी दिलेल्या स्टॉपलॉस ऑर्डरचा भाव यांचा मेळ मला कुठेच लागत नाही. मंगळवारी दुपारी आणि काल सकाळी अशी दोनदा शाखेत फोनवर विचारणा केली. दोन्ही वेळा "मार्केट फास्ट होतं, स्लिपेज झालं" एवढेच उत्तर मिळाले. ते पटले नाही म्हणून हे लेखी कळवत आहे.

आधी पोझिशनबद्दल सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब स्पष्ट होईल. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात मी खरेदी केलेल्या तीनशे क्विंटल कांडी हळदीच्या बचावासाठी ऑगस्ट वायद्यात १३,६४० च्या सरासरी भावाने सहा लॉट विकलेले होते. पाच टनांचा एक लॉट, म्हणजे सहा लॉटचे बरोबर तीनशे क्विंटल. शनिवारी, ५ तारखेला, तो सगळा माल सांगलीच्या व्यापाऱ्याला दिला गेला, त्यामुळे वायद्यातील विक्री मालाविना उघडी राहिली. भाव आणखी उतरेल असे वाटत असल्याने मी ती लगेच कापली नाही. तो निर्णय पूर्णपणे माझा होता आणि त्याचे नफानुकसानही माझेच आहे. भाव उलटा फिरला तर कुठे थांबायचे, एवढे ठरवण्यासाठी मी स्टॉपलॉस लावला होता.

मंगळवारी सकाळी १० वाजून २६ मिनिटांनी मी शाखेच्या रेकॉर्डिंग असलेल्या लाइनवर फोन केला आणि डीलरना "हळद ऑगस्ट, सहा लॉट, खरेदीचा स्टॉपलॉस, ट्रिगर तेरा हजार नऊशे, लिमिट तेरा हजार नऊशे चाळीस" असे सांगितले. त्यांनी दोन्ही भाव परत उच्चारून माझ्याकडून होकार घेतला. १० वाजून २७ मिनिटांनी आपल्या अ‍ॅपच्या ऑर्डर बुकात ती ऑर्डर याच दोन भावांनिशी 'ट्रिगर पेंडिंग' म्हणून दिसली. शेवटचे चार आकडे ४४७१ असलेल्या त्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट मी त्याच वेळी काढून ठेवला होता. खरे तर तो मुनिमांना पाठवण्यासाठी काढला होता, आता तक्रारीच्या कामी येतो आहे.

यार्डात बीट चालू असताना फोन हातातच असतो, त्यामुळे पुढचे सगळे डोळ्यांदेखत घडले. ११ वाजून ४२ मिनिटांनी भाव १३,९०० ओलांडून वर गेला. त्यानंतर १३,९०४, १३,९१८ आणि १३,९३० असे सौदे होताना मी पाहिले. विक्रीच्या बाजूला १३,९२६ ला तीन आणि १३,९३० ला पाच लॉट उभे असलेलेही मला दिसले. माझी लिमिट त्याही वर होती, म्हणून ऑर्डर लागली असेल असे धरून मी ढिगाकडे वळलो. पावणेबाराच्या सुमारास पुन्हा पाहिले तर पोझिशन तशीच उघडी होती. शाखेचा फोन तीन वेळा लावला, पण लाइन व्यस्त होती. ११ वाजून ४९ मिनिटांनी अ‍ॅपवर सौदा झाल्याची सूचना आली: दोन लॉट १४,२०० ला, तीन लॉट १४,२१६ ला आणि एक लॉट १४,२२४ ला, सरासरी १४,२१२. त्या दिवशीचा सर्वांत वरचा भाव १४,२२६ होता, म्हणजे माझा शेवटचा लॉट दिवसाच्या शेंड्यापासून दोन रुपयांवर घेतला गेला. बाजार बंद होताना भाव १३,९६० पर्यंत खाली आलेला होता.

स्टॉपलॉस म्हणजे भावाची हमी नव्हे, हे मला ठाऊक आहे. आपल्या व्यवस्थापकांनी काल ते मला समजावून सांगितले, पण वायद्यात हात भाजून घेतलेल्या माणसाला ते नव्याने सांगावे लागत नाही. हळदीच्या वायद्यात उभे लॉट थोडे असतात. दहापंधरा लॉटच्या खरेदीने भाव दहावीस रुपये सरकतो, तेवढा फरक मी तक्रार न करता सोसत आलो आहे. परंतु मी दिलेली ऑर्डर लिमिटसह होती. शेवटचा सौदा ट्रिगरला पोहोचला की अशी ऑर्डर साधी लिमिट ऑर्डर होऊन बाजारात उभी राहते आणि खरेदी असेल तर लिमिटच्या वर ती लागूच शकत नाही. भाव १३,९४० च्या वर उडून गेला असता तर माझी ऑर्डर तशीच पडून राहायला हवी होती. त्या स्थितीत उघड्या पोझिशनचा सगळा धोका माझा असता आणि आज मी हे पत्र लिहिले नसते. १३,९४० ची लिमिट असलेली ऑर्डर १४,२१६ ला कशी लागते, याला स्लिपेज हे उत्तर होऊ शकत नाही.

काल सायंकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट नीट वाचली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. नोटेवर या सौद्यासमोर छापलेल्या ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे आकडे ५१०८ आहेत आणि ऑर्डरची वेळ ११:४९:२१ आहे. म्हणजे जी ऑर्डर लागली ती मी १०:२६ ला दिलेली ४४७१ नव्हे, ती मंगळवारी पावणेबारानंतर कोणीतरी नव्याने टाकलेली ऑर्डर आहे. मी त्या वेळेत कोणतीही ऑर्डर दिली नाही, अ‍ॅपवरून नाही आणि फोनवरूनही नाही. माझे तिन्ही फोन व्यस्त लाइनवर गेले, हे माझ्या मोबाइलच्या कॉल यादीत दिसते.

यावरून मला तीन शक्यता दिसतात. ४४७१ ही ऑर्डर एक्स्चेंजकडे पोहोचलीच नसेल, ती आपल्याच सर्व्हरवर थांबली असेल आणि उशिरा लक्षात आल्यावर मिळेल त्या भावाने खरेदी केली गेली असेल. किंवा ती एक्स्चेंजवर होती, पण कोणीतरी रद्द करून तिच्याऐवजी मोठ्या लिमिटची दुसरी टाकली असेल. किंवा आपल्या जोखीम विभागाने मार्जिनच्या कारणाने पोझिशन कापली असेल. तिसऱ्या शक्यतेबद्दल सांगायचे तर, सोमवारी सायंकाळच्या लेजरप्रमाणे माझ्या खात्यात लागणाऱ्या मार्जिनपेक्षा जास्त रक्कम शिल्लक होती आणि मंगळवारी मार्जिनची मागणी करणारा फोन, मेसेज वा ईमेल मला आलेला नाही. तरीही तेच कारण असेल, तर किती रकमेची तूट कोणत्या वेळी निघाली ते आकड्यांत दाखवावे.

सोबत आणखी एक कागद जोडत आहे. यार्डात माझ्या शेजारी पेढी असलेले एक अडते आपल्याच शाखेचे खातेदार आहेत. त्याच दिवशी, त्याच वायद्यात, चार लॉटच्या खरेदीचा त्यांचा स्टॉपलॉस १३,९१० ट्रिगरने लावलेला होता, म्हणजे माझ्यापेक्षा दहा रुपये वर. तो ११:४२ ला १३,९३४ च्या सरासरीने पूर्ण लागला. त्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटेची प्रत त्यांच्या संमतीने, नाव व खाते क्रमांक झाकून पाठवत आहे. शाखा एक, वायदा एक, मिनिटही एक. त्यांचे चार लॉट १३,९३४ ला मिळतात आणि माझे सहा लॉट सात मिनिटांनी १४,२१२ ला, म्हणजे त्या मिनिटाला बाजारात विक्रेता नव्हता असे म्हणता येणार नाही.

नुकसानीचा हिशेब साधा आहे. माझ्या लिमिटच्या शेवटच्या पैशापर्यंत, म्हणजे १३,९४० ला सहाही लॉट लागले असते, तर १३,६४० च्या विक्रीवर क्विंटलमागे ३०० रुपये, एकूण ९०,००० रुपये तोटा झाला असता. तो मी मान्य करून बसलो होतो. प्रत्यक्षात क्विंटलमागे ५७२ रुपये, एकूण १,७१,६०० रुपये तोटा खात्यात टाकला गेला आहे. फरक ८१,६०० रुपयांचा आहे. शेजाऱ्यांच्या भावाशी तुलना केली तर तो थोडा आणखी वाढतो, पण मी माझ्याच लिमिटशी मोजला आहे. ऐन हंगामात ही रक्कम एका गाडीच्या मालाची उचल ठरते, त्यामुळे ती सोडून देणे मला परवडणारे नाही.

म्हणून आपणांस विनंती आहे की ४४७१ आणि ५१०८ या दोन्ही ऑर्डरचा संपूर्ण ऑर्डर लॉग मला द्यावा. प्रत्येक ऑर्डर कोणत्या टर्मिनलवरून, कोणत्या लॉगिनने टाकली गेली, एक्स्चेंजने ती केव्हा स्वीकारली, ट्रिगर केव्हा झाला, बदल अथवा रद्द कोणी आणि केव्हा केले, हे सेकंदांसह त्यात असावे. त्यासोबत मंगळवारच्या १०:२६ च्या संभाषणाचे रेकॉर्डिंग ऐकवावे आणि ५१०८ ही ऑर्डर माझ्या सांगण्यावरून टाकली असे आपले म्हणणे असेल, तर त्या सांगण्याचा पुरावाही द्यावा. ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने जपून ठेवला पाहिजे, असे सेबीच्या मार्च २०१८ च्या परिपत्रकात आहे, त्यामुळे ही मागणी आपल्याला वावगी वाटू नये. लॉगमधून चूक आपल्या बाजूची निघाली, तर ८१,६०० रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. ४४७१ ऑर्डर मीच रद्द केली असे लॉगने दाखवले, तर मी हा विषय सोडून देईन आणि तसे लेखी कळवीन.

डीलरवर मी हेतूचा आरोप करत नाही. ते मला आठ वर्षे ओळखतात आणि त्यांच्या हातून एवढ्या काळात एकही लॉट चुकलेला मला आठवत नाही. गडबडीत एखादी ऑर्डर राहून गेली आणि ती सावरताना भाव हातचा गेला, असे झाले असेल तर तेही माणसासारखे सांगावे. मंगळवारी ११:५५ च्या सुमारास मला एक फोन आला असता, तरी पत्राचा सूर वेगळा झाला असता.

गुरुवार, १७ जुलैपर्यंत लेखी उत्तराची वाट पाहीन. तोवर उत्तर न आल्यास सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवावी लागेल आणि तिथेही समाधान न झाल्यास स्मार्ट ओडीआरकडे जावे लागेल. शक्यतो हे शाखेतच मिटावे, अशी माझी इच्छा आहे. शनिवारी सकाळी मी नांदेडला येणार आहे. आपण वेळ दिल्यास समोर बसून लॉग पाहता येईल.

एक सूचना मात्र आजपासूनच अमलात आणावी: माझ्या खात्यातील कोणतीही प्रलंबित ऑर्डर माझ्याशी बोलल्याशिवाय बदलू अथवा रद्द करू नये. मी फोनवर न भेटल्यास ती आहे तशीच राहू द्यावी, तिचे जे होईल ते माझ्या जबाबदारीवर.

सोबत: १०:२७ चा ऑर्डर बुकाचा स्क्रीनशॉट, ८ जुलैची माझी कॉन्ट्रॅक्ट नोट, ७ जुलैचे लेजर, कॉल यादीचे छायाचित्र, शेजारच्या पेढीच्या कॉन्ट्रॅक्ट नोटेची प्रत.

आपला,
माधव कदम
हळद व्यापारी, हिंगोली
खाते क्रमांक एच-२१७