देखभाल पर्यवेक्षक (यांत्रिकी) पदासाठी अर्ज

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मनुष्यबळ विभाग

विषय: देखभाल पर्यवेक्षक (यांत्रिकी) या पदासाठी अर्ज

महोदय,

आपल्या कारखान्यातील वरील पदासाठी मी अर्ज करत आहे. माझे वय ५८ आहे. सोबतच्या माहितीपत्रकात जन्मतारीख आहेच, तरी ती नजरेतून सुटू नये म्हणून इथेही लिहितो. जाहिरातीत आपण १० ते १५ वर्षांचा अनुभव मागितला आहे, माझा ३४ वर्षांचा आहे. आपण ज्या वयाचा माणूस डोळ्यांसमोर ठेवला असेल, त्याच्यापेक्षा मी बराच मोठा आहे. त्यावरून आपल्याला जे प्रश्न पडतील ते रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे मी याच पत्रात देतो. पण आधी कामाबद्दल.

आपल्या जाहिरातीतले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले: ‘वारंवार होणारे ब्रेकडाउन कमी करणे ही मुख्य जबाबदारी.’ माझ्या नोकरीतली शेवटची बरीच वर्षे याच कामात गेली. एक उदाहरण देतो. आमच्याकडच्या थंड पाण्याच्या एका पंपाचे बेअरिंग दर काही महिन्यांनी जायचे. दर वेळी नवे बेअरिंग बसवले जायचे, कपलिंगचे अलाइनमेंट तपासले जायचे, पंप सुरू व्हायचा आणि नोंदवहीत ‘बेअरिंग खराब, बदलले’ एवढेच लिहिले जायचे. तो विभाग माझ्याकडे आल्यावर मी जुन्या नोंदी एकत्र काढल्या. बेअरिंगचा मेक बदलला होता, ग्रीस बदलले होते, फिटरही बदलले होते, बिघाड मात्र तोच राहिला होता. म्हणून पुढच्या वेळी बेअरिंगला हात लावण्याआधी डिस्चार्जच्या फ्लँजचे बोल्ट सैल करायला सांगितले. शेवटचा बोल्ट सुटताच पाइप बाजूला सरकला. पाइपचा आधार खचला होता आणि तो सगळा ताण पंपाच्या केसिंगवर येत होता. पंप थांबलेला असताना अलाइनमेंट बरोबर दिसायचे, कारण ते त्या ताणाखालीच केलेले असायचे. पाणी भरून दाब आला की सगळे हलायचे. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचे आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते, त्यामुळे चांगल्यातले चांगले बेअरिंगही तिथे टिकणार नव्हते. पाइपचा आधार नव्याने बांधला, फ्लँज ओढून न बसवता सहज जुळतील असे केले आणि तो पंप ब्रेकडाउनच्या यादीतून गेला.

यात कौशल्य फार मोठे नव्हते. बेअरिंग कसे बदलायचे हे आपल्या फिटरना माझ्याइतकेच येत असेल. ते पुन्हा पुन्हा का जाते, हे विचारायला रोजच्या धावपळीत कोणाला तरी वेळ आणि अधिकार द्यावा लागतो. ते काम मला करायचे आहे.

आता वयाबद्दल.

मी किती वर्षे राहीन? तब्येतीने साथ दिली तर पाच वर्षे काम करायचे मी ठरवले आहे. याहून मोठे आश्वासन देणे खरे होणार नाही. मात्र या पाच वर्षांत मला बढतीची किंवा दुसरीकडे जाण्याची घाई नाही. पहिल्या वर्षाअखेर आपल्या महत्त्वाच्या प्रत्येक यंत्राचा इतिहास लिहिलेला असेल: काय बिघडले, कारण काय निघाले, कोणते सुटे भाग हाताशी हवेत. सुरुवातीपासून आपल्याकडच्या एका तरुण पर्यवेक्षकाला किंवा फिटरला माझ्याबरोबर द्यावे, अशी माझी विनंती आहे. माझ्या डोक्यातली माहिती माझ्याबरोबर निघून जाणे हा आपला तोटा ठरेल. तो टाळणे हा माझ्या कामाचाच भाग आहे.

शरीराबद्दलही स्पष्ट सांगतो. वाचायला चष्मा लागतो. रक्तदाबाची गोळी रोज घेतो आणि तो ताब्यात आहे. नेमणुकीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीला मी तयार आहे. दिवसभर प्लांटमध्ये फिरणे, शिडी चढणे, पंपापाशी बसून डायल गेज लावणे हे आजही करतो. आठवड्यामागून आठवडे फिरती रात्रपाळी मात्र मला आता झेपणार नाही. जाहिरातीत जनरल शिफ्ट आणि गरजेनुसार रात्री बोलावणे असे आहे, ते मला चालेल. जड मोटार हाताने उचलण्याची अपेक्षा असेल तर मी नकार देईन, आणि माझ्या गटातल्या पंचवीस वर्षांच्या मुलालाही ती उचलू देणार नाही. त्यासाठी चेन ब्लॉक आहे.

नव्या तंत्राबद्दल. कंपनमापक यंत्र मी पन्नाशी ओलांडल्यावर शिकलो. फेऱ्यांच्या वारंवारतेला आणि तिच्या दुप्पट वारंवारतेला उंचवटा दिसला तर असंतुलन की अलाइनमेंट, हा अंदाज मी बांधू शकतो. गुंतागुंतीच्या गिअरबॉक्ससाठी मात्र तज्ज्ञाला बोलवावे असे सांगेन. देखभालीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्क ऑर्डर काढणे, सुट्या भागांची यादी ठेवणे, मोबाइलवरून नोंदी भरणे हे माझे रोजचे काम होते. पीएलसीचे प्रोग्रॅमिंग मला येत नाही. त्यासाठी आपल्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागावर मी अवलंबून राहीन.

माझे वरिष्ठ माझ्यापेक्षा वयाने लहान असतील, हे गृहीतच आहे. माझे शेवटचे प्लांटप्रमुख माझ्याहून खूप तरुण होते आणि आमचे चांगले जमले. माझे मत वेगळे असेल तर मी ते एकदा, मोजमापांसह मांडतो. त्यानंतर जो निर्णय होईल तो माझा समजून राबवतो. याला अपवाद एकच. यंत्राचा वीजपुरवठा तोडून, स्वतःचे कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय मी कोणालाही आत हात घालू देणार नाही, घाई कोणाचीही असो.

वेतनाबद्दल आपल्याला शंका असू शकते की इतक्या अनुभवाचा माणूस जास्त मागेल, किंवा कमी वेतनावर नाराज राहील. जाहिरातीत दिलेली वेतनश्रेणी मला मान्य आहे. आधीच्या ठिकाणी मी व्यवस्थापकाच्या हाताखाली पूर्ण विभाग पाहत होतो, इथे जबाबदारी थोडी लहान आहे, हे समजूनच अर्ज केला आहे. मागील नोकरीतून मी वयाच्या नियमानुसार निवृत्त झालो. मला उत्पन्नाची गरज आहे, माझ्या धाकट्या मुलीचे शिक्षण अजून चालू आहे. आणि हे काम मला मनापासून आवडते. बंद पडलेल्या यंत्राचे खरे कारण सापडते तेव्हाचे समाधान मला अजून हवे आहे.

एक प्रस्ताव ठेवतो. मुलाखतीच्या दिवशी आपल्याला सर्वांत जास्त त्रास देणारे एखादे यंत्र मला दाखवावे आणि त्याच्या जुन्या नोंदी वाचायला द्याव्यात. मी ते चालू स्थितीत पाहीन, ज्यांच्या पाळीत ते बंद पडते त्या ऑपरेटरशी बोलेन आणि पुढे काय तपासावे ते त्याच दिवशी लिहून देईन. माझी निवड करावी की नाही, हे ठरवायला त्याचा आपल्याला उपयोग होईल. निवड झाली नाही तरी तो कागद आपल्याकडेच राहू द्यावा.

आपण कळवाल त्या दिवशी मुलाखतीला येऊ शकतो आणि नेमणूक झाल्यास लगेच रुजू होऊ शकतो. माझ्याबरोबर काम केलेल्या दोन वरिष्ठांनी आणि एका फिटरने माझ्याबद्दल बोलण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचे संपर्क मुलाखतीच्या वेळी देईन.

आपला विश्वासू,
सुरेश जोशी

सोबत: माहितीपत्रक, शैक्षणिक व अनुभवाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती