विषय: क्वालिटी इंजिनीअर पदाच्या ऑफरबाबत

नमस्कार देशपांडे मॅडम,

चाकण प्लांटची ऑफर मी स्वीकारू शकत नाही, हे कळवताना खरंच वाईट वाटतंय.

पगार तुमच्याकडेच जास्त आहे: वर्षाला ९ लाख २० हजार, दुसरीकडे ८ लाख ४०. पण तुमच्याकडे पहिलं दीड वर्ष कंत्राटी आहे, तिथे सहा महिन्यांच्या प्रोबेशननंतर कायम करतात. घराचा हप्ता नुकताच सुरू झालाय, त्यामुळे हा फरक मला पगारापेक्षा मोठा वाटला. शिवाय सप्लायर क्वालिटीचं काम तिथे सुरुवातीपासून हाती येईल, आणि मला त्यातच पुढे जायचंय.

शिंदे सरांनी तासभर शॉप फ्लोअरवर फिरवून लाइन समजावली, त्याबद्दल त्यांना माझे मनापासून आभार सांगावेत. तुम्हाला दुसरा उमेदवार बघता यावा म्हणून मुदतीआधीच कळवत आहे.

आपली,
स्नेहल